ग्रहणात जन्मलेल्याची ड्रॅकोनिक कुंडली : मेषेतला सूर्य खरोखर उच्चीचा असतो का?

प्रश्न : माझा जन्म 24 ऑक्टोबर 1995 रोजी सकाळी 8 वाजून 40 मिनिटांनी मुंबईत, दिवाळीतल्या सूर्यग्रहणात झाला. निरयन पत्रिकेत माझा सूर्य तुळेत, म्हणजे नीचेचा आहे. एका ज्योतिषांनी राहूवरून ड्रॅकोनिक कुंडली मांडून दाखवली, तिच्यात सूर्य आणि चंद्र दोन्ही मेषेत आले. ते म्हणाले, ‘तुमचा आत्मा आणि तुमचे व्यक्तिमत्त्व अगदी समोरासमोर उभे आहेत, पण आत्म्याच्या पातळीवर सूर्य उच्चीचा आहे.’ घरी येऊन मोबाइलवर पाहिले तर अंश अर्ध्याने वेगळे आले. यातले काय खरे धरायचे?

उत्तर : तुम्हाला सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी ‘समोरासमोर’ हे गणितातून आपोआप उद्भवलेले दृश्य आहे आणि त्यात तुमचे वैयक्तिक असे काही नाही. ‘उच्चीचा सूर्य’ हे राशीच्या नावावरून झालेले चुकीचे वाचन आहे. अंशांतला फरक मात्र खरा आहे; त्याचे कारण साधे आहे आणि तुमच्या पत्रिकेत तो नेमक्या नाजूक जागी पडतो. तुमच्याच आकड्यांवरून हे तिन्ही मुद्दे उलगडून दाखवते.

प्रथम ही कुंडली कशी होते ते पाहू. चंद्राचा मार्ग क्रांतिवृत्ताला दोन ठिकाणी छेदतो. चंद्र जिथे दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो तो राहू, आणि त्याच्या समोरचा केतू. युरोपात या दोन बिंदूंना ड्रॅगनचे डोके आणि ड्रॅगनचे शेपूट म्हणत असत, त्यावरून ‘ड्रॅकोनिक’ हा शब्द आला. एरवी राशिचक्राची सुरुवात सायन पद्धतीत वसंतसंपातापासून आणि निरयन पद्धतीत अयनांश वजा करून ठरलेल्या बिंदूपासून होते. ड्रॅकोनिक पद्धतीत ती राहूपासून होते. राहू जिथे असेल तिथे मेषेचा शून्य अंश मानायचा आणि बाकी सर्व ग्रह तिथून मोजायचे, एवढेच तिचे गणित आहे:

ड्रॅकोनिक अंश = ग्रहाचे अंश − राहूचे अंश (उत्तर ऋण आले तर त्यात 360 मिळवावेत)

आपल्याकडे लग्नाऐवजी चंद्राला पहिल्या भावात ठेवून चंद्रकुंडली मांडतात, सूर्यकुंडलीही मांडतात. त्यामुळे कोणी ‘राहूकुंडली’ म्हटले की तीच कल्पना पुढे नेली असावी असे वाटते. तसे ते नाही. चंद्रकुंडलीत राशी आपापल्या जागी राहतात आणि भाव सरकतात. ड्रॅकोनिकमध्ये भाव जागच्या जागी राहतात आणि राशीच सरकतात. राहूपासून नवे राशिचक्र मोजण्याची रीत आपल्या फलज्योतिषात रूढ नाही. ब्रिटिश ज्योतिषी पामेला क्रेन यांच्या लेखनामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पाश्चात्त्य ज्योतिषात पुन्हा चर्चेत आली आणि तिथून आपल्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये पोहोचली.

आता तुमचे आकडे घेऊ; साठ कलांचा एक अंश. जन्मवेळी सायन सूर्य 210 अंश 14 कला म्हणजे वृश्चिकेत जेमतेम पोहोचलेला, सायन चंद्र 209 अंश 27 कला, सायन लग्न 237 अंश 37 कला आणि मध्यम राहू 206 अंश 5 कला येतो. प्रत्येकातून राहू वजा केला की ड्रॅकोनिक सूर्य मेषेच्या 4 अंश 9 कलांवर, चंद्र मेषेच्या 3 अंश 22 कलांवर आणि लग्न वृषभेच्या 1 अंश 32 कलांवर येते. तुमच्या पंचांगात एकदोन कलांचा फरक दिसला तर त्याने काही बिघडत नाही.

हेच निरयन अंशांनी करून पाहा. त्या दिवशीचा चित्रापक्षीय अयनांश सुमारे 23 अंश 48 कला होता. तो वजा केला की सूर्य 186 अंश 26 कला, चंद्र 185 अंश 39 कला, लग्न 213 अंश 49 कला आणि राहू 182 अंश 17 कला येतो. यातून राहू वजा केल्यावर पुन्हा तेच 4 अंश 9 कला, 3 अंश 22 कला आणि वृषभेचे 1 अंश 32 कला हाती येतात. ग्रहातून अयनांश गेला तसा राहूतूनही गेला, त्यामुळे वजाबाकीत तो उरलाच नाही. सायन की निरयन आणि कोणता अयनांश, या आपल्याकडच्या जुन्या वादाचा ड्रॅकोनिक कुंडलीला स्पर्शही होत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. एखादे सॉफ्टवेअर सायन आणि निरयन पर्यायांत वेगवेगळी ड्रॅकोनिक कुंडली दाखवत असेल, तर राहू एका चक्रातला आणि ग्रह दुसऱ्या चक्रातले घेतले गेले आहेत, असे खुशाल समजावे.

दुसरी ओळखीची खूण म्हणजे ग्रहांमधले अंतर. तुमचा चंद्र सूर्याच्या 47 कला मागे आहे आणि तो सायन, निरयन, ड्रॅकोनिक या तिन्हींत तेवढाच मागे राहतो. (अमावास्या त्या दिवशी सकाळी 10 वाजून 6 मिनिटांनी संपली, हे त्याच 47 कलांचे दुसरे रूप.) सर्वांतून एकच संख्या वजा होत असल्याने अंशात्मक युती, प्रतियुती, केंद्रयोग, त्रिकोणयोग यांपैकी काहीही बदलत नाही. म्हणून ‘ड्रॅकोनिक कुंडलीत नवीन योग झाला’ असे कोणी म्हणाले, तर वजाबाकी तपासावी.

योग बदलत नाहीत आणि भाव बदलत नाहीत, मग ज्योतिषी या कुंडलीत वाचतात तरी काय? दोन गोष्टी वाचतात. पहिली, राशींचा बदललेला रंग. जन्मकुंडली माणसाची परिस्थिती, स्वभाव आणि वागणूक दाखवते, आणि ड्रॅकोनिक कुंडली त्यामागचा हेतू, म्हणजे जीव काय घेऊन आला आहे ते दाखवते, असे ही पद्धत वापरणारे मानतात. दुसरी आणि माझ्या मते अधिक उपयोगी गोष्ट म्हणजे ड्रॅकोनिक कुंडली जन्मकुंडलीवर ठेवून पाहणे. ड्रॅकोनिक ग्रह जन्माच्या कोणत्या ग्रहावर किंवा कोनबिंदूवर अंशात्मक बसतो, ते पाहतात. दीप्तांश, म्हणजे चालवून घेण्याचा फरक, फार लहान, एक ते दोन अंशांचा, ठेवतात आणि मुख्यतः युती, फार तर प्रतियुती, विचारात घेतात. या दोन्ही वाचनांमागे ती करणाऱ्यांची परंपरा आणि अनुभव आहे, शास्त्रीय चाचणीने सिद्ध झालेला आधार नाही. हे माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधीच सांगते.

तुमच्या बाबतीत घोटाळा झाला तो या दुसऱ्या वाचनात. ड्रॅकोनिक कुंडली राहूवरून निघते आणि अयनांशमुक्त असते हे खरे; पण ती ज्या जन्मकुंडलीवर ठेवायची ती सायन की निरयन, याने सगळा फरक पडतो. त्या ज्योतिषांनी ती निरयन कुंडलीवर ठेवली. निरयन सूर्य तुळेच्या 6 अंश 26 कलांवर आणि ड्रॅकोनिक सूर्य मेषेच्या 4 अंश 9 कलांवर, म्हणजे समोरासमोर, मध्ये 2 अंश 17 कलांची कसर. चंद्र तुळेच्या 5 अंश 39 कलांवर आणि मेषेच्या 3 अंश 22 कलांवर, पुन्हा 2 अंश 17 कलांची कसर. लग्न वृश्चिकेच्या 3 अंश 49 कलांवर आणि वृषभेच्या 1 अंश 32 कलांवर, कसर तीच. मंगळ, गुरू, शनी, कोणताही ग्रह घेतला तरी हीच 2 अंश 17 कलांची कसर येईल.

ही 2 अंश 17 कलांची संख्या कुठून आली? तुमचा निरयन राहू तुळेच्या 2 अंश 17 कलांवर आहे, तिथून. प्रत्येक ग्रहातून 182 अंश 17 कला वजा केल्या. 180 वजा करणे म्हणजेच समोरच्या राशीत टाकणे, आणि उरलेले 2 अंश 17 कला ही ती कसर. राहू तुळेच्या आरंभाशी असला की प्रत्येक ड्रॅकोनिक ग्रह आपल्याच जन्मस्थानासमोर जाऊन बसणार, त्याला इलाज नाही. तसाच राहू मेषेच्या आरंभाशी असेल तर ड्रॅकोनिक आणि जन्मकुंडली जवळपास एकच दिसतील, आणि मग कोणी तरी ‘आत्मा आणि व्यक्तिमत्त्व एकरूप’ असे सांगून जाईल.

मध्यम राहू दिवसाला सुमारे 3 कला, म्हणजे वर्षाला साडेएकोणीस अंशांच्या थोडा आत, मागे सरकतो आणि 18.6 वर्षांत फेरी पूर्ण करतो. त्या गतीने ऑक्टोबर 1995 च्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारी 1996 च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो निरयन तुळेच्या आरंभबिंदूच्या अडीच अंशांच्या आत होता. या तीन महिन्यांत जन्मलेल्या प्रत्येकाचा आत्मा त्या न्यायाने त्याच्या व्यक्तिमत्त्वाच्या समोर उभा आहे, मग तो गिरगावात जन्मलेला असो की लंडनमध्ये. जी गोष्ट तीन महिन्यांतल्या सर्व बाळांना सारखी लागू पडते, ती एका माणसाचे भाकीत म्हणून सांगणे मला पटत नाही. त्या ज्योतिषांनी मुद्दाम फसवले असे मी म्हणत नाही. चक्रावर सगळे ग्रह एकदम समोरासमोर दिसले की ते इतके अर्थपूर्ण वाटते की मोह आवरत नाही. पण कसर सर्वत्र सारखी आहे का हे एकदा पाहिले असते, तर तो मोह तिथेच संपला असता.

आता ‘उच्चीचा सूर्य’. निरयन तुळेतला सूर्य नीचेचा आणि मेषेतला उच्चीचा, हे राशींचे बल निरयन चक्राच्या संदर्भात सांगितलेले आहे. त्या मेषेचे आपल्या नक्षत्रांशी, अश्विनी-भरणीशी नाते आहे. ड्रॅकोनिक मेष मात्र दर दिवशी सरकणाऱ्या राहूपासून मोजलेले पहिले तीस अंश. सूर्य तिथे असणे याचा खगोलीय अर्थ एवढाच की सूर्य राहूच्या पुढे तीस अंशांच्या आत आहे. सूर्य राहूपासून निघून पुन्हा राहूपाशी साधारण 346.6 दिवसांत येतो, म्हणून ड्रॅकोनिक सूर्य प्रत्येक राशीत 29 दिवसांच्या थोडा कमी काळ राहतो, आणि त्याची मेष-तुळा ही वर्षातल्या दोन ग्रहणकाळांशी बांधलेली असते. अमावास्येला सूर्य राहू किंवा केतूच्या साधारण 15 ते 18 अंशांच्या आत असला की पृथ्वीवर कुठे ना कुठे सूर्यग्रहण होते. तुमचा सूर्य मध्यम राहूपासून जेमतेम चार अंशांवर आहे. ग्रहण खग्रास झाले त्याचे हे एक कारण. खग्रास पट्टा राजस्थानातल्या नीम का थाना येथून बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंत गेला आणि मुंबईत ते खंडग्रास दिसले.

म्हणजे विसंगती पाहा. आपल्या परंपरेत सूर्य राहूजवळ असला की ग्रहणयोग म्हणतात, ग्रहणात जन्म झाला तर जननशांती करतात, अमावास्येच्या जन्माची वेगळी शांती आहे, आणि तुमच्या आईने त्या सकाळी काय काय ऐकून घेतले असेल याची मला कल्पना आहे. आणि त्याच परंपरेचा ‘उच्च’ हा शब्द ड्रॅकोनिक मेषेला लावला, तर राहूच्या जितके जवळ तितका सूर्य उच्चीचा असा उलटा निष्कर्ष निघतो. दोन्ही चौकटी आपापल्या ठिकाणी ठेवाव्यात. ड्रॅकोनिक कुंडलीत मी उच्च-नीच, स्वगृह किंवा राशिस्वामी यांपैकी काहीही वाचत नाही. हे माझे मत आहे, सर्व ज्योतिषी असे करतात असे नाही. पण याच्या उलट करणाऱ्यांकडून मला आजवर समाधानकारक कारण ऐकायला मिळालेले नाही.

चंद्राच्या बाबतीत मात्र या पद्धतीत एक सुंदर गोष्ट दडलेली आहे, आणि ती सहसा कोणी सांगत नाही. चंद्राचे राहूपासूनचे अंतर हेच त्याचा शर ठरवते, म्हणजे तो क्रांतिवृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते. ड्रॅकोनिक मेषेच्या आरंभी शर शून्य असतो, कर्केच्या आरंभी चंद्र उत्तरेला सुमारे 5 अंशांवर पोहोचलेला असतो, तुळेच्या आरंभी पुन्हा शून्य, आणि मकरेच्या आरंभी दक्षिणेला तेवढाच. म्हणून ड्रॅकोनिक चंद्राची रास ही आकाशात प्रत्यक्ष दिसणारी गोष्ट आहे. बाकीच्या ग्रहांचे तसे नाही, कारण त्यांच्या कक्षांना चंद्राच्या पातांशी काही देणेघेणे नाही. तुमच्या जन्मवेळी चंद्र राहू ओलांडून नुकताच उत्तरेला निघाला होता. त्याचा शर साधारण पाव अंश होता, म्हणजे चंद्रबिंबाच्या व्यासाच्या जेमतेम निम्मा. ड्रॅकोनिक मेषेतला चंद्र म्हणजे नव्याने सुरुवात करणारे मन असे पाश्चात्त्य ज्योतिषी म्हणतात, तेव्हा निदान चंद्रापुरते त्या प्रतिमेला खगोलात बोट ठेवायला जागा आहे. ड्रॅकोनिकमध्ये मी सर्वांत जास्त वजन चंद्राला देते, त्याचे कारण हेच.

आता अंशांतल्या फरकाकडे येऊ. राहूचे दोन प्रकारचे गणित करतात. मध्यम राहू एकसारख्या गतीने मागे जातो; स्पष्ट राहूत सूर्याच्या आकर्षणामुळे होणारी हेलकाव्यासारखी हालचाल धरलेली असते आणि तो मध्यम राहूपासून जास्तीत जास्त सुमारे पावणेदोन अंश दूर जाऊ शकतो. तुमच्या जन्मवेळी स्पष्ट राहू 206 अंश 37 कलांवर होता, म्हणजे मध्यम राहूच्या 32 कला पुढे. त्यामुळे स्पष्ट राहू घेतल्यास सूर्य मेषेच्या 3 अंश 37 कलांवर, चंद्र 2 अंश 50 कलांवर आणि लग्न वृषभेच्या बरोबर 1 अंशावर येते. मोबाइलवर अर्ध्या अंशाचा फरक दिसला तो हाच. आपल्या पारंपरिक गणितात मध्यम राहू वापरतात, तर अनेक परदेशी प्रणालींत स्पष्ट राहू आपोआप निवडलेला असतो. दोन्हींपैकी एकच खरा आणि दुसरा चूक असे म्हणता येत नाही. मात्र एका कामात दोन मिसळू नयेत.

हे मी स्वतः चुकून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जोडप्याच्या पत्रिका जुळवताना मुलीची ड्रॅकोनिक कुंडली माझ्या वहीतल्या गणिताने, म्हणजे मध्यम राहूने, काढलेली होती आणि मुलाची संगणकावर स्पष्ट राहूने. मुलाचा ड्रॅकोनिक चंद्र मुलीच्या जन्मचंद्रावर दहा कलांत बसला. मी ते फार उत्साहाने सांगितले, मुलीच्या आईने ते लिहूनही घेतले. रात्री वही आवरताना शीर्षकातला फरक दिसला. दोघांसाठी एकच राहू घेतल्यावर तो संबंध दीड अंशावर गेला, तेव्हा मी ठेवत असलेल्या एक अंशाच्या मर्यादेबाहेर. दुसऱ्या दिवशी फोन करून मला ते मागे घ्यावे लागले. तेव्हापासून प्रत्येक कागदावर वरच्या कोपऱ्यात ‘मध्यम’ किंवा ‘स्पष्ट’ असे लाल शाईने लिहिल्याशिवाय मी वजाबाकी सुरू करत नाही.

तुमच्या पत्रिकेत सूर्य-चंद्रांना या 32 कलांनी काही होत नाही, ते दोन्ही गणितांत मेषेच्या आरंभीच राहतात. लग्नाचे तसे नाही. त्या वेळी मुंबईत लग्न पाच मिनिटांत सव्वा अंशापेक्षा किंचित कमी पुढे सरकत होते. जन्म 8 वाजून 35 मिनिटांचा धरला, तर मध्यम राहूने ड्रॅकोनिक लग्न वृषभेच्या 26 कलांवर येते आणि स्पष्ट राहूने मेषेच्या 29 अंश 53 कलांवर, म्हणजे एकाच वेळेला दोन राशी. साडेआठ धरला तर दोन्ही गणितांत लग्न मेषेत जाते. चंद्र मात्र या दहा मिनिटांत फक्त सहा कला हलतो आणि सूर्याची तर अर्धी कलाही होत नाही. राहूची दिवसाची गतीच तीन कला असल्याने त्याला दहा मिनिटांचे काही वाटत नाही.

यातून आणखी एक चूक संभवते, आणि राशीलाच भाव धरण्याची आपल्याला सवय असल्याने ती आपल्याकडे जास्त होते. तुमचे निरयन लग्न वृश्चिक आणि सूर्य-चंद्र तुळेत, म्हणजे व्ययस्थानात. साडेआठचा जन्म धरला तरी लग्न वृश्चिकच राहते आणि सूर्य व्ययातच. पण साडेआठच्या ड्रॅकोनिक कुंडलीत लग्न मेष आणि सूर्यही मेष. राशीलाच भाव धरला तर सूर्य एकदम पहिल्या भावात येऊन बसेल आणि ‘आतून तुम्ही नेतृत्वासाठी जन्मलात’ असे फळ निघेल. प्रत्यक्षात सूर्य आणि लग्न यांच्यातले अंतर तसूभरही बदललेले नाही, फक्त राशींच्या सीमा सरकल्या आहेत. म्हणून ड्रॅकोनिक कुंडलीत भाव जन्मकुंडलीतूनच घ्यावेत, नव्या राशींवरून मोजू नयेत.

मग तुमच्यासाठी काय उरते? ड्रॅकोनिक कुंडली मी सायन जन्मकुंडलीवर ठेवते, कारण ही पद्धत ज्यांनी वापरून घडवली त्यांनी ती सायन चक्रावरच घडवली. तसे ठेवल्यावर ते सर्वव्यापी समोरासमोर उभे राहणे नाहीसे होते, कारण सायन राहू तुळेच्या शेवटी, 206 अंशांवर, आहे. सूर्य, चंद्र आणि लग्न एवढेच पाहिले तर एकच संबंध लक्षणीय आहे: ड्रॅकोनिक लग्न वृषभेच्या 1 अंश 32 कलांवर, म्हणजे ड्रॅकोनिक सप्तमबिंदू वृश्चिकेच्या 1 अंश 32 कलांवर, आणि तुमचा सायन जन्मसूर्य वृश्चिकेच्या 14 कलांवर. अंतर 1 अंश 18 कला. स्पष्ट राहूने 46 कला. असा संबंध असलेल्या माणसाला आपले काम काय आहे हे एकट्याने विचार करून कळत नाही, ते समोरच्या व्यक्तीच्या, जोडीदाराच्या किंवा भागीदाराच्या डोळ्यांतून कळते, असे ज्योतिषी वाचतात. सूर्य व्ययस्थानात, म्हणजे मागे राहून काम करणारा, आणि ड्रॅकोनिक सूर्य-चंद्र मेषेत, म्हणजे स्वतः सुरुवात करण्याची ओढ. ही दोन एकत्र धरली तर मी असे म्हणेन की नवे काही सुरू करण्याची हौस तुम्हाला आहे, पण त्यावर तुमचे नाव असावे असा आग्रह नाही, आणि ते नाव कोणी तरी दुसरेच लावून देते. हे तुमच्या आयुष्याशी जुळत नसेल तर सोडून द्या; ओढूनताणून जुळवू नका.

असे संबंध तपासताना आणखी एक कसोटी लावावी. ड्रॅकोनिक ग्रह दुसऱ्या जन्मग्रहावर बसला याचा अर्थ त्या दोन ग्रहांमधले अंतर राहूच्या अंशांइतके आहे. त्यामुळे दोन्ही ग्रह संथ गतीचे असतील, समजा गुरू आणि शनी, तर तो संबंध काही आठवड्यांतल्या सर्वांचा सारखाच असतो आणि एका माणसाला तो सांगण्यात अर्थ नसतो. चंद्र किंवा लग्न गुंतलेले असेल तेव्हाच तो तुमचा स्वतःचा. आणि त्यातला लग्नाचा संबंध जन्मवेळेवर लटकलेला, हे वर पाहिलेच. तुमचा सप्तमबिंदूचा संबंध 8:40 ला सव्वा अंशाचा आहे, 8:35 ला केवळ 12 कलांचा होतो, आणि 8:30 ला सूर्याच्या दुसऱ्या बाजूला, सुमारे एक अंशावर जातो. म्हणजे दहा मिनिटांच्या पूर्ण चुकीतही तो दीप्तांशाच्या आत टिकतो, आणि म्हणूनच मी तो तुम्हाला सांगितला. ड्रॅकोनिक लग्नाची रास मात्र टिकत नाही, म्हणून ‘आत्म्याचे लग्न वृषभ’ असे मी म्हणणार नाही.

ते सांगता यायला हवे असेल तर जन्मवेळ नीट पाहावी लागेल. जन्माच्या दाखल्यावर वेळ सहसा नसते. ती सूतिकागृहाच्या कार्डावर किंवा बाळाच्या मनगटाला बांधलेल्या पट्टीवर लिहिलेली असते, आणि घरातल्या जुन्या फायलीत लसीकरणाच्या कागदांबरोबर ती सापडण्याची शक्यता असते. त्यावर 8:40 असे पाचाच्या पटीतले लिहिलेले असेल तर ते बहुधा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून नंतर भरलेले आहे, आणि मग मागेपुढे पाच मिनिटे धरूनच चालावे. 8:38 किंवा 8:41 असे सापडले तर मला कळवा; त्या वेळेची वजाबाकी करून मी वृषभ की मेष ते दोन्ही राहूंनी लिहून देईन.